मुदतवाढीचा मेल: बहाणा वाटू नये म्हणून तो कसा लिहावा

प्रश्न: मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात आहे. फील्ड प्रोजेक्टचा अहवाल शुक्रवारी, १७ एप्रिलला द्यायचा आहे. आज रविवार, १२ तारीख. घरकामगार महिलांच्या बारा मुलाखती मार्चमध्येच घेऊन झाल्या, पहिली तीन प्रकरणं लिहून झाली, पण रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. सातच झाल्यात. दुसऱ्या मुलाखतीपाशीच ते कळलं होतं, पण वाटलं रात्री जागून काढीन. सकाळी मी एका क्लासमध्ये शिकवायला जाते. मॅडमना पुढचा मेल लिहिला आहे. यातलं खोटं काहीच नाही (ताप फेब्रुवारीत चार दिवस होता, आजीजवळ आत्या होती, लॅपटॉप एक दिवस बंद होता), तरी वाचताना मलाच तो बहाणा वाटतो. काय बदलू?

*"आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. मी आपणास नम्र विनंती करू इच्छिते की काही अपरिहार्य कारणांमुळे माझा फील्ड प्रोजेक्ट वेळेत पूर्ण होऊ शकलेला नाही. मला मध्यंतरी ताप आला होता, तसेच आजीची तब्येत बरी नव्हती. त्यातच लॅपटॉपही बिघडला. मी पूर्ण प्रयत्न केला, तरी कृपया मला थोडे दिवस मुदत वाढवून द्यावी, अन्यथा माझे वर्ष वाया जाईल. आपण समजून घ्याल ही आशा."*

उत्तर:

तुमच्या मेलमधला प्रत्येक शब्द खरा आहे आणि तरीही मेल खरा नाही. कारण ज्या एका गोष्टीमुळे काम अडलं, तीच त्यात नाही. ती तुम्ही आम्हाला सांगितली: रेकॉर्डिंग उतरवून काढायच्या वेळाचा अंदाज चुकला. मॅडमना मात्र ताप, आजी आणि लॅपटॉप सांगितलं. त्यामुळे आधी शब्दांकडे जाऊ नका. कारण जागेवर आलं की निम्मे शब्द आपोआप गळून पडतात.

कोणतं कारण मेलमध्ये राहावं याची एक साधी कसोटी आहे. प्रत्येक कारण बोटाने झाकायचं आणि स्वतःला विचारायचं, हे घडलं नसतं तर अहवाल १७ तारखेला तयार असता का? ताप झाका. ताप फेब्रुवारीत होता, मुलाखती मार्चमध्ये झाल्या. ताप आला नसता तरी पाच मुलाखती बाकीच असत्या. आजी झाका. त्यांची तब्येत बिघडली याचं वाईट वाटलं असेल, पण त्यांच्याजवळ आत्या होती, तुमच्या कामाचे तास त्यात गेले नाहीत. लॅपटॉपने एक दिवस घेतला, म्हणजे तुमच्या दिनक्रमात फार तर चार तास. तुम्हाला किती तास कमी पडतात ते पुढे मोजू, पण चारांपेक्षा बरेच जास्त आहेत. आता चुकलेला अंदाज झाका. एका मुलाखतीला खरा किती वेळ लागतो हे मार्चच्या सुरुवातीला ठाऊक असतं, तर तुम्ही आठच मुलाखती घेतल्या असत्या किंवा रोज एक उतरवत गेला असता, आणि अहवाल वेळेत झाला असता. म्हणजे कारण हेच. बाकीची तिन्ही काढून टाका.

तीन कारणं एकापेक्षा भक्कम दिसतील असं लिहिताना वाटतं. वाचणाऱ्याच्या बाजूने उलटं होतं. "तसेच", "त्यातच", "शिवाय" हे शब्द येत जातात तसं शिक्षकाला दिसतं की यातलं एकही कारण एकट्याने पुरेसं नाही, म्हणून दुसरं टेकू म्हणून लावलंय. त्यातून तारखा नसतील तर शंका वाढते. "मध्यंतरी ताप आला होता" हे वाक्य जूनपासून एप्रिलपर्यंत कधीही खरं ठरू शकतं.

हाच ताप १ ते ६ एप्रिलला आला असता तर मात्र उत्तर वेगळं असतं. मग तोच मुख्य कारण म्हणून लिहायचा, तारखांसह, एका वाक्यात: "१ ते ६ एप्रिल मला ताप होता, त्या सहा दिवसांत काम पूर्ण थांबले." डॉक्टरांची चिठ्ठी त्या वेळची असेल तर जोडायची. नसेल तर आता जाऊन मागच्या तारखेची आणू नका आणि "हवे असल्यास प्रमाणपत्र देईन" असंही लिहू नका. घरात मृत्यू झाला असेल, किंवा मनाची अवस्था इतकी बिघडली असेल की काम हातातच धरवत नव्हतं, तर तेही एका वाक्यात सांगता येतं. "घरात दुःखद घटना घडली, २८ मार्चपासून दहा दिवस मी गावी होते" एवढं पुरतं. तपशील देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. पण तेव्हाही शेजारी लॅपटॉप आणू नये, कारण मग मोठं दुःख छोट्या अडचणींच्या यादीत जाऊन बसतं.

आता भाषेकडे. मराठीत कर्ता लपवायची सोय फार आहे. "होऊ शकलेला नाही", "राहून गेले", "उशीर झाला", "वेळ मिळाला नाही", "जमले नाही". या सगळ्या वाक्यांत काम आपोआप होतं किंवा होत नाही, करणारं कुणी दिसत नाही. रोजच्या बोलण्यात हे चालतं, सौम्यही वाटतं. मुदतवाढीच्या मेलमध्ये मात्र वाचणारा नेमका तो लपलेला कर्ता शोधत असतो. म्हणून एक नियम धरा: जे खरोखर तुमच्यावर येऊन कोसळलं ते कर्त्याशिवाय लिहा, आणि जे तुम्ही ठरवलं किंवा ठरवायचं राहिलं ते "मी" घालून लिहा. "मला ताप आला" हे बरोबर आहे, ताप कुणी आणत नाही. "अंदाज चुकला" यापेक्षा "अंदाज मी चुकीचा बांधला" हे बरोबर, कारण अंदाज तुम्ही बांधला होता. दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे, पण दुसऱ्या वाक्यानंतर मॅडमना तुम्हाला काही विचारावं लागत नाही.

"अपरिहार्य कारणांमुळे" हा शब्दप्रयोग कार्यालयीन पत्रांतून आला आहे. तिथे कारण सांगायचं नसतं म्हणूनच तो वापरतात. तुम्हाला कारण सांगायचं आहे, तर तो नकोच. "मी पूर्ण प्रयत्न केला" हा तुम्ही स्वतःबद्दल दिलेला निकाल झाला. सात मुलाखती उतरवून झाल्या हा पुरावा झाला. पुरावा असताना निकाल कशाला? "वर्ष वाया जाईल" हे वाक्य सर्वांत आधी काढा. त्याने तुमच्या उशिराचा भार मॅडमच्या डोक्यावर जातो, जणू नकार दिला तर नुकसान त्यांनी केलं. एका सत्रातल्या एका प्रोजेक्टने वर्ष जाईलच असं नाही, हेही त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

नम्रतेचंही तसंच. आदरणीय, सविनय, नम्र विनंती, इच्छिते, कृपया, आशा, असे सहा शब्द सहा वाक्यांत आलेत. तुमच्या रोजच्या बोलण्यात मॅडमशी तुम्ही असं बोलत नाही, मग इथे का, असं वाचणाऱ्याला वाटतं. "नमस्कार मॅडम" आणि शेवटी "आपली विद्यार्थिनी" एवढा आदर पुरेसा आहे. मॅडम जुन्या वळणाच्या असतील आणि विभागात "आदरणीय" लिहायचीच पद्धत असेल तर तो शब्द ठेवा, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते नम्रता माहितीच्या जागी बसते तेव्हा. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "माझी फार मोठी चूक झाली, मला स्वतःचीच लाज वाटते, मला माफ करा" असं लिहिलं की मॅडमना आधी तुमची समजूत काढावी लागते, आणि तारखेचा प्रश्न तसाच राहतो.

"थोडे दिवस" हा या मेलमधला सर्वांत दुबळा भाग आहे आणि त्यावर सर्वांत जास्त मेहनत घ्यायला हवी. थोडे म्हणजे किती, हे ठरवायचं काम तुम्ही मॅडमवर टाकलं आहे, आणि उरलेलं काम किती आहे हे त्यांना माहीत नाही. चला, मोजूच.

पाच मुलाखती उतरवायच्या आहेत. स्पष्ट आवाजातलं एक तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला बऱ्यापैकी सराव असलेल्याला साधारण चार तास लागतात. आवाज अस्पष्ट असेल, मागे मिक्सर किंवा रहदारी असेल, दोघीतिघी एकदम बोलत असतील, तर त्याहून जास्त. तुमच्या मुलाखती सरासरी चाळीस मिनिटांच्या धरल्या तर एकीला पावणेतीन तास. पण माझा आकडा घेऊ नका. उतरवून झालेल्या शेवटच्या दोन मुलाखतींना तुम्हाला प्रत्यक्ष किती वेळ लागला तो घ्या. पहिल्या दोन नकोत, तेव्हा हात बसलेला नसतो. पावणेतीन तासांनी पाच मुलाखतींचे जवळजवळ चौदा तास होतात. मग कोडिंग, म्हणजे मजकूर वाचून कुठे वेतनाबद्दल बोलणं आहे, कुठे सुट्टीबद्दल, कुठे मालकिणीच्या वागण्याबद्दल, हे खुणा करून वेगळं काढणं. एका मुलाखतीला पाऊण तास, बाराला नऊ तास. विश्लेषण आणि निष्कर्ष ही दोन प्रकरणं लिहायला दहा तास. एकूण तेहेतीस.

आता तुमच्याकडचे तास. सकाळचा क्लास आणि कॉलेज वजा करता रोज चार तास मिळतात असं समजू. सोमवार १३ ला चार. मंगळवार १४ एप्रिल, आंबेडकर जयंतीची सुट्टी, सात तास धरू. तुम्ही त्या दिवशी अभिवादनाला किंवा मिरवणुकीला जाणार असाल तर तेवढे कमी करा. बुधवार आणि गुरुवार चार-चार. गुरुवारी रात्रीपर्यंत एकोणीस तास झाले. लागणार तेहेतीस, म्हणजे चौदा तास कमी पडतात. लॅपटॉपचे चार तास या चौदांचं उत्तर देऊ शकत नाहीत, ते वर म्हटलं ते यासाठी. पुढे शुक्रवार, शनिवार चार-चार आणि रविवारी सहा धरले की रविवार १९ च्या रात्री तेहेतीस पूर्ण होतात. सोमवारी एकदा वाचून दुरुस्त्या, संदर्भसूची, छपाई, स्पायरल बाइंडिंग. मंगळवारी २१ ला देता येईल.

इथे एक दिवस राखीव घाला आणि बुधवार २२ मागा. आणि तो राखीव आहे हे मेलमध्ये सरळ लिहा. मुदतवाढ एकदाच मागायची असते. २१ मागून पुन्हा २१ ला "अजून एक दिवस" म्हणणं हे आज एक दिवस जास्त मागण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं, कारण तेव्हा पहिला हिशोबही खोटा ठरतो. उलट "असू द्यावेत हाताशी" म्हणून पंधरा दिवस मागू नका. तेहेतीस तासांच्या कामाला पंधरा दिवस का, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

२२ ही तारीख लिहिण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की विचारून घ्या, कारण ती परिस्थितीवर अवलंबून आहे. राज्यातल्या नव्या पदव्युत्तर आराखड्यात दुसऱ्या सत्रातला फील्ड प्रोजेक्ट चार श्रेयांकांचा आहे. त्याचे अंतर्गत गुण विभाग देत असला तरी ते विद्यापीठाच्या प्रणालीत भरायची शेवटची तारीख विभागाच्या हातात नसते. मौखिकीला बाहेरचे परीक्षक येणार असतील तर ती तारीखही मॅडम एकट्या हलवू शकत नाहीत. मौखिकी २३ ला असेल तर २२ च्या दुपारी आलेला अहवाल कुणी वाचायचा? अशा वेळी २२ मागणं म्हणजे मॅडमना नकारच द्यायला लावणं. विभागाच्या लिपिकांना किंवा वर्गप्रतिनिधीला विचारलं तर पाच मिनिटांत कळतं. मौखिकी जवळ असेल तर मागणीच बदलावी लागेल, ते पुढे सांगतो. सत्राच्या सुरुवातीला दिलेल्या सूचनापत्रात उशिराबद्दल गुणकपात लिहिली आहे का, तेही पाहून ठेवा.

आता मूळ तारखेला, म्हणजे १७ ला, काय देणार ते ठरवा. तुमच्याकडे तीन प्रकरणं तयार आहेत: प्रस्तावना, साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती. ही शुक्रवारी द्या. सोबत उतरवलेल्या सात मुलाखती. याचे दोन फायदे. मॅडम पहिली तीन प्रकरणं आधी वाचू शकतात, म्हणजे तुमच्या उशिराने त्यांचं वाचन एका दिवसात साचत नाही. आणि काम खरंच झालंय हे दिसतं, सांगावं लागत नाही. मुलाखती जोडताना मात्र बायकांची नावं, सोसायटीचं नाव, मालकांची नावं काढून "मु-१", "मु-२" असे क्रमांक द्या. त्यांची संमती घेताना नाव गुप्त ठेवू असं तुम्ही सांगितलं असणार. घाईत मेलला जोडलेल्या फाइलमधून ते शब्द मोडू नयेत. आवाजाच्या फाइल तर पाठवूच नका.

हे सगळं ठरल्यावर मेल असा होतो:

विषय: फील्ड प्रोजेक्ट: १७ ऐवजी २२ एप्रिलपर्यंत मुदत मिळण्याबाबत (एम.ए. समाजशास्त्र, सत्र २, रोल नं. __)

नमस्कार मॅडम,

फील्ड प्रोजेक्टचा पूर्ण अहवाल मी शुक्रवारी, १७ एप्रिलला देऊ शकणार नाही. बुधवार, २२ एप्रिलला दुपारी १२ पर्यंत मुदत द्याल का?

बाराही मुलाखती मार्चमध्ये घेऊन झाल्या. पण रेकॉर्डिंग उतरवून काढायला किती वेळ लागेल याचा अंदाज मी चुकीचा बांधला. एका मुलाखतीला एक तास धरला होता, प्रत्यक्षात पावणेतीन तास लागतात. दुसऱ्या मुलाखतीनंतरच हे माझ्या लक्षात आले होते; तेव्हाच आपल्याला सांगायला हवे होते, ते मी सांगितले नाही.

आज पहिली तीन प्रकरणे तयार आहेत आणि सात मुलाखती उतरवून झाल्या आहेत. पाच मुलाखती, कोडिंग आणि शेवटची दोन प्रकरणे बाकी आहेत. माझ्या हिशोबाने हे काम रविवारी, १९ तारखेला संपते. दुरुस्त्या आणि छपाईचा एक दिवस आणि एक राखीव दिवस धरून २२ तारीख मागत आहे.

तयार असलेली तीन प्रकरणे आणि सात मुलाखती मी १७ तारखेलाच जमा करीन. मुदत वाढवणे शक्य नसेल तर सात मुलाखतींवर आधारित पूर्ण अहवाल १७ तारखेला देईन आणि उरलेल्या पाचांचा उल्लेख अभ्यासाच्या मर्यादांमध्ये करीन. उशिराबद्दल नियमाप्रमाणे गुण कमी होणार असतील तर ते मला मान्य आहे.

आपली विद्यार्थिनी,
(नाव)

यातली काही वाक्यं का आहेत ते सांगतो, म्हणजे तुमच्या शब्दांत बदलताना नेमकं तेच गळणार नाही.

मागणी पहिल्याच दोन वाक्यांत आहे. आपल्याकडे आधी पार्श्वभूमी आणि मग हळूच मागणी अशी सवय असते. पण मागणी शेवटी आली की तिच्या आधीचं सगळं तिच्यासाठी रचलेलं वाटतं. मागणी वर आल्यावर तेच कारण साधी माहिती म्हणून वाचलं जातं.

"तेव्हाच आपल्याला सांगायला हवे होते" हे वाक्य लिहायला जड जाईल. ते ठेवा. असा मेल वाचताना मार्गदर्शकाच्या मनात येणारा पहिला प्रश्न "काम का झालं नाही" हा नसतो, "मग आजच का सांगतेयस" हा असतो. त्याचं उत्तर मेलमध्ये नसेल तर बाकी कितीही खरं असलं तरी काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. पण हे एकच वाक्य. त्याच्या पुढे मागे दिलगिरीची रांग लावू नका. "रात्री जागून काढीन असे वाटले होते" हेही लिहायचा मोह होईल. ते खरं असलं तरी इथे नको, त्याने कबुली पुन्हा सफाईकडे झुकते.

क्लासमध्ये शिकवण्याचा उल्लेख मी मुद्दाम गाळला आहे. ती तुमची रोजची नोकरी आहे, अचानक आलेली नाही, त्यामुळे कसोटीत ती बसत नाही. फी भरण्यासाठी ही नोकरी लागते आणि मॅडमना ते माहीत नाही, अशी स्थिती असेल तर ते कधीतरी समोर बसून सांगा. पुढच्या सत्रात कामाची आखणी करताना त्यांना ते ठाऊक असणं उपयोगाचं आहे. या मेलमध्ये ते आलं की सहानुभूतीसाठी आल्यासारखं दिसतं. एप्रिलमध्येच क्लासने जास्त तास लावले असतील तर मात्र तारखांसह लिहा, कारण मग ते खरंच तास खातं.

गुणकपात मान्य असल्याचं वाक्य तुम्हाला खरंच मान्य असेल तरच लिहा. मनात "लिहिलं तर कापणार नाहीत" असा हिशोब असेल तर गाळलेलं बरं. मॅडमनी नियमाप्रमाणे दोन गुण कमी केले आणि तुम्ही नाराज झालात, तर या मेलमधलं इतर सगळंही त्या क्षणी खोटं पडतं.

सात मुलाखतींचा पर्याय दिला आहे तो शोभेसाठी नाही, तो आधी मोजून घेतला आहे. सात मुलाखतींचं कोडिंग सव्वापाच तास आणि दोन प्रकरणांचं लेखन दहा तास, म्हणजे सव्वापंधरा. गुरुवारी रात्रीपर्यंत तुमच्याकडे एकोणीस आहेत. उरलेल्या पावणेचार तासांत वाचन आणि छपाई होते. हा पर्याय असल्यामुळे मॅडमना "नाही" म्हणणं सोपं होतं, आणि गंमत अशी नाही की त्यामुळे त्या हमखास "हो" म्हणतील. पण नकार मिळाला तरी तुम्ही अडकत नाही. मौखिकी जवळ असेल असं वर म्हटलं, तेव्हा हाच पर्याय मुख्य मागणी म्हणून लिहायचा: मुदत मागायचीच नाही, फक्त बाराऐवजी सात मुलाखतींवर अहवाल दिला तर चालेल का, एवढं विचारायचं.

मेल सोमवारी सकाळी पाठवा. आज रविवारी रात्री नको, आणि मंगळवारी सुट्टी आहे म्हणून सोमवारच्या पुढे ढकलायलाही नको. मुदतीआधी चार दिवस आणि मुदतीच्या रात्री यांत मोठा फरक आहे. आधी विचारलं तर मॅडमना निवड करता येते. मुदतीच्या रात्री त्यांच्यापुढे घडून गेलेली गोष्ट असते. दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर त्यांच्या व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा, वर्गाच्या ग्रुपवर नाही: "नमस्कार मॅडम, फील्ड प्रोजेक्टच्या मुदतीबाबत सकाळी आपल्याला मेल पाठवला आहे." आणि खाली नाव. कारण तिथे पुन्हा लिहू नका. ग्रुपवर विचारलंत तर मॅडमना एकीला उत्तर देता येत नाही, साऱ्या वर्गाला द्यावं लागतं, आणि ते बहुधा "नाही" असतं.

उत्तराची वाट पाहत काम थांबवू नका, पण कामाचा क्रम बदला. सोमवार-मंगळवार नवी मुलाखत उतरवायला घेण्याऐवजी झालेल्या सातांचं कोडिंग करा. ते दोन्ही शक्यतांमध्ये लागणारच आहे. बुधवारपर्यंत "नाही" आलं तर तुम्ही लेखनाला मोकळ्या असाल. "हो" आलं तर उरलेल्या पाच घ्या.

आणि मॅडम मधला मार्ग काढून "सोमवार २० ला सकाळी दे, त्यापुढे नाही" असं म्हणाल्या, तर लगेच "हो मॅडम" लिहू नका. आधी पुन्हा मोजा. तीन मुलाखती उतरवायला सव्वाआठ तास, दहांचं कोडिंग साडेसात, लेखन दहा, मिळून पावणेसव्वीस. शनिवारी रात्रीपर्यंत तुमच्याकडे सत्तावीस आहेत, आणि रविवार वाचनाला व छपाईला राहतो. तेव्हा उत्तर असं द्या: "२० तारखेला सकाळी अहवाल देते. तेवढ्या वेळात बाराऐवजी दहा मुलाखती घेता येतील, तशी नोंद पद्धतीच्या प्रकरणात करते." कोणत्या दोन गाळायच्या हे आवाज अस्पष्ट आहे की नाही यावरून ठरवू नका. सगळ्या दहा जणी एकाच वयाच्या किंवा एकाच वस्तीतल्या उरल्या तर निष्कर्ष लंगडे पडतील, म्हणून वय, वस्ती आणि किती घरी काम करतात हे तीन रकाने समोर ठेवून, ज्यांच्यासारख्या दुसऱ्या कुणी यादीत आहेत अशा दोघी निवडा.